दोन विषय राहिले होते, हे मेलमध्ये कसं लिहावं

अंतिम वर्षाला प्लेसमेंटचा हंगाम सुरू होतो. ऑनलाइन टेस्ट पार पडते, यादीत नाव येतं आणि मग एखाद्या दिवशी कंपनीच्या एचआरकडून दोन ओळींची मेल येते: ‘तुमच्या तिसऱ्या सेमिस्टरमध्ये दोन विषयांत अनुत्तीर्ण असल्याची नोंद दिसते. कृपया स्पष्टीकरण द्यावे.’ ती वाचून मुलांच्या पोटात गोळा येतो. मुंबईकडे ज्याला केटी म्हणतात आणि पुण्याकडे बॅक, ते दोन-अडीच वर्षांपूर्वीचं प्रकरण पुन्हा उघडलं गेलं, असं त्यांना वाटतं. मग रात्री बसून एक मोठी मेल लिहिली जाते. तिच्यात पेपर कठीण असतो, तपासणी कडक असते, घरची परिस्थिती असते आणि शेवटी एक संधी देण्याची विनंती असते. अशा बऱ्याच मेल मी पाठवण्याआधी वाचल्या आहेत. लिहिणारी मुलं बहुतेक वेळा खरंच सांगत असतात. तरीही वाचणाऱ्याला ती बचाव करत आहेत असं वाटतं, आणि हे टाळता येण्यासारखं आहे.

त्यासाठी आधी विचारणाऱ्याची बाजू समजून घेतली पाहिजे. कॅम्पसवर येणाऱ्या एचआरच्या माणसापुढे शेकडो नावांची यादी असते. तुम्ही नापास का झालात, यात त्याला फारसा रस नसतो. त्याला तीन गोष्टी नक्की करायच्या असतात. विषय अजून बाकी आहेत की सुटले? फॉर्ममध्ये भरलेली माहिती आणि गुणपत्रिका एकमेकींशी जुळतात का? आणि रुजू होण्याच्या तारखेपर्यंत हातात पदवी असेल का? त्याच्या वरिष्ठांना, आणि पुढे कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्या संस्थेला, त्याला याच तीन गोष्टींची उत्तरं द्यायची असतात. तुमच्या मेलमधून ही उत्तरं उचलून त्याला आपल्या तक्त्यात भरता आली, की त्याचं काम झालं. कारण हा त्यातला सर्वांत छोटा भाग आहे, आणि मुलं नेमकं तेच सर्वांत लांबवतात.

पहिल्या प्रश्नातच मोठा घोळ होतो. कंपन्यांच्या फॉर्ममध्ये दोन वेगळे प्रश्न असू शकतात. एक असतो अॅक्टिव्ह बॅकलॉगचा, म्हणजे आज या घडीला किती विषय बाकी आहेत. दुसरा असतो बॅकलॉग हिस्टरीचा, म्हणजे आजवर कधी विषय राहिले होते का. सगळे विषय सुटलेला मुलगा दुसऱ्या प्रश्नालाही सहज ‘नाही’ लिहून टाकतो, कारण त्याच्या मनाने तो आता ऑल क्लिअर असतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ज्या सेमिस्टरची परीक्षा हिवाळ्यात व्हायला हवी, तिच्या एखाद्या विषयाचा निकाल वर्षभरानंतरच्या परीक्षेचा दिसला, की पाहणाऱ्याला सगळं कळतं. विषय राहणं ही एक गोष्ट आणि ते लपवलं असं दिसणं ही वेगळी गोष्ट. पहिलीसाठी अनेक कंपन्यांत जागा असते. दुसरी मात्र ऑफर लेटर हातात आल्यावरही अंगाशी येऊ शकते, कारण ऑफर पडताळणीच्या अटीवरच दिलेली असते.

दुसरा घोळ टक्केवारीचा. सीबीएसईने दहावीला काही वर्षं ग्रेड पद्धत ठेवली होती, तेव्हा सीजीपीएला 9.5 ने गुणून टक्के काढत. ते सूत्र मुलांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की इंजिनिअरिंगच्या सीजीपीएलाही ती तेच लावतात. काही जण तर सरळ दहाने गुणतात. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं आणि ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात दिलेलं असतं. एआयसीटीईच्या तक्त्यात 6.75 म्हणजे 60 टक्के, 7.25 म्हणजे 65 टक्के असा हिशेब आहे. 9.5 च्या सूत्राने 6.75 चे 64 टक्क्यांच्या वर होतात. साठ टक्क्यांची अट लावणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते वेगळं सांगायला नको. 6.5 सीजीपीए असलेला मुलगा 9.5 ने गुणून स्वतःला पात्र समजतो आणि एआयसीटीईच्या हिशेबाने 57.5 वर असतो.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. विद्यार्थिनी कल्पित आहे, पण तिची गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांची आहे. तिने तालुक्याच्या गावी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि डिरेक्ट सेकंड इयरला मेकॅनिकलमध्ये प्रवेश घेतला. हे प्रवेश उशिरापर्यंत चालतात. मुलं वर्गात येतात तेव्हा तिसरं सेमिस्टर बरंच पुढे गेलेलं असतं. शिवाय पदवीच्या पहिल्या वर्षाचं एम-वन आणि एम-टू हे गणित या मुलांनी केलेलं नसतं, आणि समोर एकदम एम-थ्री येतं. तिथे लाप्लास आणि फुरिए यांच्याशी गाठ पडते. इंटिग्रेशनचा हात बसलेला नसेल तर ते समजून घ्यायला वेळ लागतो. ही मुलगी हिवाळी 2023 च्या परीक्षेत एम-थ्री आणि थर्मोडायनॅमिक्स या दोन विषयांत नापास झाली. थर्मोडायनॅमिक्स तिने उन्हाळी 2024 मध्ये काढला. एम-थ्री त्या वेळीही राहिला आणि हिवाळी 2024 मध्ये सुटला. चार सेमिस्टरचे तिचे एसजीपीए असे आहेत: तिसरं 5.6, चौथं 6.5, पाचवं 7.4, सहावं 7.8. सगळ्या सेमिस्टरची क्रेडिट सारखी धरली तर सरासरी 6.83 येते. तिच्या विद्यापीठाचं सूत्र एआयसीटीईच्या तक्त्याशी जुळणारं आहे असं धरू, म्हणजे 0.75 वजा करून दहाने गुणायचं. टक्के होतात 60.8.

तिने लिहिलेला पहिला मसुदा साधारण असा असेल:

‘महोदया, मी अतिशय मेहनती व प्रामाणिक विद्यार्थिनी आहे. दहावी व डिप्लोमामध्ये मला नेहमीच चांगले गुण होते. परंतु प्रवेश प्रक्रिया लांबल्यामुळे आमचा खूप अभ्यासक्रम बुडाला. कॉलेजने आमच्यासाठी जादा तास घेतले नाहीत. त्या वर्षी एम-थ्रीचा पेपरही फार कठीण होता आणि आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले नापास झाली. तरीही मी खचले नाही आणि जिद्दीने सर्व विषय उत्तीर्ण झाले. गुण म्हणजेच सर्व काही नसते. कृपया माझ्या परिस्थितीचा विचार करून मला एक संधी द्यावी, मी आपला विश्वास सार्थ ठरवीन.’

यात खोटं काही नाही. पण आता एचआरच्या तक्त्यातले तीन रकाने भरून पाहा. विषय कधी सुटले? माहीत नाही. किती प्रयत्नांत? माहीत नाही. आजचा सीजीपीए किती? तोही नाही. मेल वाचून झाल्यावर त्याला पुन्हा एक मेल लिहावी लागणार आणि उत्तराची वाट पाहावी लागणार. शेकडो उमेदवारांत तो हे करेलच असं नाही.

मग बचावाचा सूर कुठून येतो? मसुद्यातल्या वाक्यांचे कर्ते पाहा. प्रवेश प्रक्रिया लांबली, कॉलेजने तास घेतले नाहीत, पेपर कठीण होता, निम्मा वर्ग नापास झाला. नापास होण्याच्या गोष्टीत ही मुलगी स्वतः कुठेच नाही. ‘मी’ येते ती थेट विषय सुटताना. माणूस असंच लिहितो आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. निम्मा वर्ग नापास झाला हे सांगितल्याने तर उलटाच प्रश्न उभा राहतो, की उरलेला निम्मा कसा पास झाला. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘जिद्दीने’ हे शब्दही तिच्या बाजूने काही करत नाहीत. ते तपासता येत नाहीत. पाचव्या सेमिस्टरचा 7.4 तपासता येतो. ‘गुण म्हणजेच सर्व काही नसते’ हे वाक्य तर काढूनच टाकावं. गुणांवर यादी लावणं हे ज्याचं काम आहे त्याला आपण ते चुकीचं आहे असं सांगतो आहोत, आणि त्या वादाची ही जागा नाही.

उशिरा झालेला प्रवेश मात्र मी काढणार नाही. ते खरं कारण आहे आणि गुणपत्रिकेवरून आपोआप कळणारं नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या वाक्यानंतर काय येतं. त्याच्या मागोमाग आणखी दोन बाहेरची कारणं आली तर ती सबब होते. त्याच्या मागोमाग आपल्या वाट्याचं एक वाक्य आलं, की वाचणारा दोन्हींवर विश्वास ठेवतो. या मुलीच्या वाट्याचं वाक्य काय आहे? पहिल्या वर्षाचं गणित आपलं आपण भरून काढायला हवं होतं, ते तिने वेळेत केलं नाही. एवढंच. त्याहून जास्त स्वतःला दोष देण्याचीही गरज नाही. ‘मला स्वतःची लाज वाटते’ असं लिहिलेल्या मेलही मी पाहिल्या आहेत आणि वाचताना फार वाईट वाटलं आहे. कोणत्याही नोकरीच्या मेलमध्ये इतकं झुकायचं कारण नाही.

दुरुस्त केलेली मेल अशी होईल. प्रत्यक्षात ती इंग्रजीतून जाईल, पण तिथेही वाक्यं इतकीच साधी ठेवावीत. हेच म्हणणं आधी मराठीत नीट मांडता आलं, की इंग्रजीत पाठ केलेली भारी वाक्यं घुसत नाहीत.

‘विषय: तिसऱ्या सेमिस्टरमधील दोन विषयांबाबत (पूर्ण नाव, शाखा, नोंदणी क्रमांक)

महोदया,

सध्या माझा एकही विषय बाकी नाही. तिसऱ्या सेमिस्टरमध्ये, हिवाळी 2023 च्या परीक्षेत, मी थर्मोडायनॅमिक्स आणि गणित-3 या दोन विषयांत नापास झाले होते. थर्मोडायनॅमिक्स मी उन्हाळी 2024 मध्ये आणि गणित-3 हिवाळी 2024 मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले.

डिप्लोमानंतर माझा प्रवेश सत्र सुरू झाल्यावर झाला आणि पहिल्या वर्षाचे गणित मी शिकले नव्हते. ती तयारी मी वेळेत भरून काढली नाही.

पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरमध्ये माझा एसजीपीए अनुक्रमे 7.4 आणि 7.8 आहे. एकूण सीजीपीए 6.83 असून विद्यापीठाच्या सूत्रानुसार तो 60.8 टक्के होतो. चारही सेमिस्टरच्या गुणपत्रिका एकत्र जोडल्या आहेत. आठव्या सेमिस्टरची परीक्षा मे 2026 मध्ये अपेक्षित आहे.

आणखी काही माहिती हवी असल्यास कळवावे.’

पहिलंच वाक्य आजच्या स्थितीचं आहे. एचआरने मेल तिथेच बंद केली तरी मुख्य उत्तर त्याला मिळालेलं असतं. ‘तिसऱ्या प्रयत्नात’ हे शब्द लिहिताना हात अडखळतो, हे मला माहीत आहे. पण तारखा दिल्यावर प्रयत्न मोजता येतातच, आणि ते आपण सांगितलं की मोजणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. कारणाला दोन वाक्यं मिळाली आहेत आणि सुधारणेला आकडे. ‘पण’, ‘परंतु’, ‘तरीही’ यांपैकी एकही शब्द या मेलमध्ये नाही. कबुलीच्या वाक्याला ‘पण’ जोडला की कबुली मागे घेतल्यासारखी वाटते. म्हणून मसुदा झाल्यावर हे तीन शब्द शोधावेत आणि ते जिथे सापडतील तिथे पूर्णविराम देऊन वाक्य तोडून पाहावं.

कारण आजारपणाचं किंवा घरातल्या मृत्यूचं असेल तर तपशील देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. ‘त्या सेमिस्टरमध्ये मी दोन महिने आजारी होते, आता प्रकृती ठीक आहे’ एवढं पुरतं. निदान, औषधं, हॉस्पिटलची कागदं पहिल्या मेलला जोडू नयेत. मनाच्या आजाराबाबतही हेच. ‘प्रकृतीच्या कारणाने’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. आणि कारणच नसेल तर? पुष्कळ मुलांचं खरं उत्तर असतं की पहिल्या वर्षी घराबाहेर पडल्यावर अभ्यास केलाच नाही. त्यांनी तेच लिहावं: ‘पहिल्या वर्षी मी नियमित अभ्यास केला नाही.’ त्याच्या जागी रचलेलं आजारपण मुलाखतीतल्या पुढच्या प्रश्नालाच उघडं पडतं, कारण रचलेल्या गोष्टीला तारखा नसतात.

विषय अजून बाकी असेल तर मेलचा भर बदलतो. तिथे मागच्या कारणापेक्षा पुढची तारीख महत्त्वाची. कोणता विषय, परीक्षा कोणत्या महिन्यात, निकाल साधारण केव्हा, आणि तो रुजू होण्याच्या आधी की नंतर. ‘मी नक्की पास होईन’ हे वचन कुणी देऊ नये; ते देणं आपल्या हातात नाही आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. निकाल नंतर लागणार असेल तर तसं लिहून, निकालाच्या अटीवर रुजू होता येतं का, एवढं विचारावं. काही कंपन्या एका बाकी विषयापर्यंत सूट देतात, काही एकही चालवून घेत नाहीत. त्यांची अट आधी वाचलेली असावी.

मेल केव्हा आणि कुणाला, यातही गफलत होते. विचारणा झाली असेल तर त्याच मेलला, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावं, आणि कॉलेजच्या टीपीओला प्रतीत ठेवावं. टीपीओला वगळून एचआरला परस्पर लिहिणं अनेक कॉलेजांत नियमाविरुद्ध असतं आणि त्याचा त्रास त्या एका मुलापुरता राहत नाही. कंपनीने विचारलंच नसेल आणि फॉर्ममध्ये सगळं बरोबर भरलेलं असेल, तर आपणहून अशी मेल पाठवू नये. फॉर्ममध्ये सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायला गेलं की ती आहे त्याहून मोठी दिसते. अपवाद एकच: फॉर्ममध्ये चूक झाली असेल तर विचारणेची वाट पाहू नये. ‘फॉर्ममध्ये मी बॅकलॉग हिस्टरी नाही असे भरले, ते चुकले आहे, बरोबर माहिती अशी’, आणि खाली विषय व तारखा. मुलाखतीच्या आधी गेलेल्या या ओळी दुरुस्ती ठरतात. पडताळणीत चूक सापडल्यावर त्याच ओळींना कुणी दुरुस्ती मानत नाही.

या मेलच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर मुलं तिच्यावर नको तितकी आशा ठेवतात. मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या कंपन्यांत साठ टक्क्यांची चाळणी बहुधा फॉर्म भरतानाच लागते. तिथे 58 टक्के असलेल्या मुलाचं नाव माणसापर्यंत पोहोचतच नाही आणि एचआरच्या माणसाला ती अट सैल करण्याचा अधिकारही सहसा नसतो. मेल उपयोगी पडते ती अट पार झाल्यावर शंका उरली असेल तिथे, किंवा निर्णय थेट विभागप्रमुखाच्या हातात असेल अशा लहान कंपनीत. चाकण किंवा सातपूरच्या एखाद्या मध्यम कारखान्यात डिझाइन विभागाचा प्रमुख स्वतः मुलाखत घेतो, त्याला ड्रॉइंग वाचता येणारा माणूस हवा असतो, आणि थर्मोडायनॅमिक्स दुसऱ्या प्रयत्नात सुटला याने त्याचं मत सहसा बदलत नाही. तिथे ही मेल वाचली जाते आणि मुलाखतीत तिच्यावरच प्रश्न येतात. म्हणून मेलमध्ये लिहिलेलं प्रत्येक वाक्य तोंडी, न अडखळता सांगता आलं पाहिजे. एम-थ्रीवर प्रश्न येण्याची शक्यता तर धरूनच चालावं. विषय सुटला म्हणजे आला, हे तिथे दाखवता येतं.

अंतिम वर्षाच्या मुलामुलींनी एवढं आजच करावं: आपल्या सगळ्या गुणपत्रिका समोर घ्याव्यात, राहिलेल्या प्रत्येक विषयापुढे तो कोणत्या परीक्षेत सुटला ते लिहावं, टक्के विद्यापीठाच्या सूत्राने काढावेत आणि प्लेसमेंटच्या पोर्टलवर भरलेल्या माहितीशी ताडून पाहावं. तफावत असेल तर टीपीओकडे जाऊन, पहिली कंपनी येण्याआधी ती दुरुस्त करून घ्यावी.